धागा : सिम्युलेशनमध्ये सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तरी हे आभासी कमिशनिंग म्हणता येईल का?

तरंग

नमस्कार. एका साठवण टाकीच्या नियंत्रणाचा पीएलसी प्रोग्राम मी लिहिला आहे. साइटवर जाण्यापूर्वी तो डिजिटल ट्विनवर तपासून घ्यावा अशी अपेक्षा आहे. टाकी उभ्या दंडगोलाच्या आकाराची असून तिचा व्यास २ मीटर आणि उंची ३ मीटर आहे. तासाला १८ घनमीटर देणारा एक पंप आणि त्यापुढे एक मोटराइज्ड व्हॉल्व्ह यांतून टाकी भरते. व्हॉल्व्हला पूर्ण उघडण्यास किंवा बंद होण्यास सुमारे १२ सेकंद लागतात. पातळी मोजण्यासाठी ४ ते २० मिलिअँपिअरचा रडार ट्रान्समीटर आहे. शिवाय ९२ टक्क्यांवर एक स्वतंत्र फ्लोट स्विच आहे, जो पंप थांबवतो. पातळी ३० टक्क्यांखाली गेली की भरणे सुरू होते आणि ८० टक्क्यांवर थांबते.

सध्या मी त्याच पीएलसी प्रोग्राममध्ये एक सिम्युलेशन ब्लॉक लिहिला आहे. तो पातळीचे टक्के थेट पातळीच्या टॅगमध्ये लिहितो, व्हॉल्व्हला आज्ञा मिळाल्यावर दोन सेकंदांनी 'उघडला' हा फीडबॅक देतो आणि टॅगमधील पातळी ९२ च्या वर गेली की फ्लोट स्विचचा बिट बदलतो. चाचणी यादीतील प्रत्येक ओळ उत्तीर्ण झाली आहे. तरीही आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की याला आभासी कमिशनिंग म्हणता येणार नाही. मग नेमके काय कमी पडते? मॉडेल अधिक तपशीलवार करायला हवे, की चाचण्या वाढवायला हव्यात?

संवेदक

डिजिटल ट्विनसाठी सर्वांत आधी माहितीसाठा लागतो. ट्रान्समीटरची आणि पंपाच्या विद्युतप्रवाहाची किमान काही महिन्यांची नोंद जमवावी. त्यावरून पंपाचे बेअरिंग केव्हा खराब होईल याचा अंदाज बांधता येतो. आम्ही कंपनमापक बसवून असे केले आहे आणि त्याचा चांगला उपयोग झाला.

तरंग

संवेदक, आपली सूचना चालू प्लांटसाठी योग्य आहे, पण इथे टाकी अजून उभीच राहिलेली नाही. नोंद जमवायला काही उपलब्ध नाही. मला प्रोग्राम तपासायचा आहे, यंत्राची प्रकृती नव्हे.

गतिमान

वरिष्ठांचे म्हणणे बरोबर आहे. पीएलसीच्या आत लिहिलेले सिम्युलेशन हे खरे ट्विन नव्हे. स्वतंत्र संगणकावर भौतिकशास्त्रावर आधारित मॉडेल तयार करावे. त्यात पाइपमधील दाबाचा ऱ्हास, पंपाचा वक्र, द्रवाची घनता असे सर्व काही असावे. मॉडेल जितके तपशीलवार, तितकी चाचणी विश्वासार्ह. ते ओपीसी यूएने पीएलसीला जोडा. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे मॉडेल दहापट वेगाने चालवता येते. टाकी ३० वरून ८० टक्क्यांवर जायला जी पंधरा-सोळा मिनिटे लागतील, ती दीड मिनिटात उरकतात.

कळसूत्री

गतिमान यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे : सिम्युलेशन पीएलसीच्या बाहेर असावे. मात्र माझे कारण वेगळे आहे. ते आत असले की साइटवर जाताना ते ब्लॉक काढावे लागतात, म्हणजे जो प्रोग्राम तपासला तो आणि जो बसवला तो हे दोन वेगळे होतात. काढताना एखादी ओळ मागे राहिली, तर खऱ्या इनपुटवर सिम्युलेशनचे मूल्य लिहिले जात राहते. लक्षात येईपर्यंत सर्व काही सुरळीत दिसते आणि हीच त्यातली खरी भीती आहे. कंट्रोलर इम्युलेटरमध्ये चालवा आणि मॉडेल बाहेर ठेवा, म्हणजे तपासलेला प्रोग्राम एका अक्षराचाही बदल न करता साइटवर उतरवता येतो.

तपशिलाच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. या टाकीसाठी पंपाचा वक्र काढत बसण्यापूर्वी मॉडेल कुठे जोडले आहे ते पाहावे. तरंग यांचे सिम्युलेशन टक्के लिहिते. खरा ट्रान्समीटर टक्के देत नाही, तो मिलिअँपिअर देतो. इनपुट कार्ड त्याचा पूर्णांक बनवते आणि त्यानंतर प्रोग्राममधील स्केलिंग ब्लॉक त्याचे टक्के करतो. टॅगमध्ये थेट टक्के लिहिले की स्केलिंग, मर्यादा, तारतुटीची ओळख आणि त्यावरचा अलार्म ही संपूर्ण साखळी चाचणीतून वगळली जाते. यादीतील ओळी उत्तीर्ण होतात, कारण त्या साखळीला कोणी प्रश्नच विचारलेला नसतो.

एक प्रयोग करून पाहावा. आपले कार्ड एस७-१५०० प्रकारचे असेल, तर ४ मिलिअँपिअरला ० आणि २० मिलिअँपिअरला २७६४८ असा आकडा मिळतो. तारतुटीचे निदान सुरू असल्यास तार तुटल्यावर ३२७६७ मिळतो. बहुतेक जण सिम्युलेशनमध्ये फारतर हाच एक आकडा टाकून पाहतात. पण ट्रान्समीटर स्वतः आतून बिघडला, तर तार तुटत नाही. नामुर एनई ४३ शिफारशीनुसार तो मुद्दाम ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी, नाहीतर २१ किंवा त्याहून अधिक प्रवाह देतो. यांपैकी खालची बाजू की वरची, हे ट्रान्समीटरच्या सेटिंगवर ठरते. ३.६ मिलिअँपिअरचा कच्चा आकडा उणे ६९१ येतो. कार्डाच्या दृष्टीने तो मोजमापाच्या कक्षेखालचा, पण वैध आकडा असतो. कार्ड तारतुटीची तक्रार करीत नाही, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यासाठी प्रवाह सुमारे १.२ मिलिअँपिअरखाली जावा लागतो.

पातळी ७० टक्के असताना हा आकडा द्या आणि प्रोग्राम काय करतो ते इथे लिहा. फ्लोट स्विचचा बिट ट्रान्समीटरच्या टॅगवरून काढू नका. टाकीतील द्रवाची खरी उंची ही मॉडेलमध्ये स्वतंत्र राशी असावी, आणि ट्रान्समीटर व स्विच या दोघांनी ती आपापल्या परीने वाचावी. गाभा एवढाच आहे :

```
IF NOT Stuck THEN
  IF CmdOpen THEN
    Pos := MIN(1.0, Pos + dt / TravelTime);
  ELSE
    Pos := MAX(0.0, Pos - dt / TravelTime);
  END_IF;
END_IF;
FbOpen    := (Pos > 0.98) AND NOT FbOpenLost;
FbClosed  := (Pos < 0.02);
TrueLevel := TrueLevel + (Qin * Pos - Qout) * dt / Area;
mA := 4.0 + 16.0 * TrueLevel / 3.0;
IF LT_Fail THEN mA := 3.6; END_IF;
Raw := REAL_TO_INT((mA - 4.0) / 16.0 * 27648.0);
LSHH_OK := (TrueLevel < 2.76) AND NOT LSHH_WireCut;
```

पंप बंद असताना `Qin` शून्य धरावा. व्हॉल्व्हच्या स्थितीच्या प्रमाणात प्रवाह धरला आहे. हे शास्त्रशुद्ध नाही, पण या टाकीला पुरेसे आहे. `Stuck`, `FbOpenLost`, `LT_Fail`, `LSHH_WireCut` हे चार बिट मात्र गाळू नका. मॉडेलची खरी उपयुक्तता त्यांच्यात आहे.

तरंग

कळसूत्री सर, सविस्तर उत्तराबद्दल आभार. मॉडेल बाहेर काढून प्रयोग केला. निकाल लिहितो.

पहिल्या फेरीत फ्लोट स्विचचा बिट मुद्दाम पूर्वीप्रमाणेच टॅगवरून काढला, म्हणजे फरक दिसेल. खरी उंची २.१ मीटर होती आणि निर्गम बंद होता. `LT_Fail` दिल्याबरोबर स्केलिंगनंतर पातळी उणे २.५ टक्के आली. आमच्या नेहमीच्या लायब्ररीतील ब्लॉक उणे मूल्याला शून्यावर आणून ठेवतो, त्यामुळे पडद्यावर स्वच्छ '०.०' दिसले. पातळी ३० टक्क्यांखाली आहे असे समजून प्रोग्रामने व्हॉल्व्ह उघडला आणि पंप सुरू केला. सेकंदाला सुमारे १.६ मिलिमीटर या गतीने सुमारे साडेनऊ मिनिटांत मॉडेलमधील टाकी काठोकाठ भरली आणि त्यानंतरही भरणे चालूच राहिले. फ्लोट स्विचला काही कळले नाही, कारण तोही त्याच शून्यावर विसंबून होता. एकही अलार्म आला नाही, कारण अलार्मचा ब्लॉक फक्त ३२७६७ हा आकडा शोधतो.

दुसऱ्या फेरीत स्विच खऱ्या उंचीवर बेतला. सुमारे सात मिनिटांनी २.७६ मीटरवर त्याने पंप थांबवला. पण पुढचे पाहून मला अधिक आश्चर्य वाटले. निर्गम उघडून पातळी थोडी उतरवली, तर स्विच पूर्ववत होताच पंप पुन्हा सुरू झाला. म्हणजे टाकी कायम ९२ टक्क्यांच्या काठावर चालत राहते आणि चालकाला पडद्यावर शून्य दिसते.

आता कच्चा आकडा उणे ५१८ पेक्षा कमी, म्हणजे ३.७ मिलिअँपिअरखाली, दोन सेकंद राहिला की ट्रान्समीटर अविश्वसनीय ठरवून भरणे थांबवतो. वरच्या बाजूलाही तशीच मर्यादा घातली आहे. एक शंका उरते : बिघाडाच्या वेळी पातळीचे शेवटचे विश्वसनीय मूल्य धरून ठेवावे की नाही?

कळसूत्री

३.७ ची मर्यादा योग्य आहे. एनई ४३ प्रमाणे ३.८ ते २०.५ ही मोजमापाची वैध कक्षा आहे, त्यामुळे तिथवर हात लावू नये. शेवटचे मूल्य पडद्यावर वेगळ्या रंगात दाखवायला हरकत नाही, पण त्यावर भरण्याचा निर्णय सोपवू नये. पुढच्या प्रक्रियेला या टाकीतून अखंड पुरवठा हवा असेल, तर बिघाडात निर्गम चालू ठेवायचा की नाही हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर प्रक्रिया पाहणाऱ्या व्यक्तीनेच द्यावे. मॉडेलवर दोन्ही पर्याय व्यवस्थित चालतील, त्यामुळे कोणता हवा हे मॉडेल सांगणार नाही.

फ्लोट स्विचने पंप थांबवल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होऊ नये. तिथे चालकाच्या रिसेटची अट घाला. आणि तो स्विच पंपाच्या स्टार्टरमध्ये थेट तारेने जोडला आहे की फक्त पीएलसीत, हेही तपासा.

मुक्ता

मी प्रकल्प ताब्यात घेणाऱ्यांच्या बाजूने काम करते, म्हणून थोडे वेगळ्या अंगाने लिहिते. कळसूत्री यांच्या कोडमध्ये `LSHH_OK` हे नाव आहे, म्हणजे पातळी सुरक्षित असताना संपर्क बंद आणि बिट १. तार तुटली तरी बिट ० होतो आणि पंप थांबतो. हे योग्यच आहे. तरंग, आपल्या प्रोग्राममध्येही तसेच आहे का? आणि त्याहून महत्त्वाचे, हे आपण कुठून ठरवले?

आमच्या एका प्रकल्पात कंत्राटदाराने सिम्युलेशनवर सर्व काही उत्तम दाखवले होते. प्रोग्राममध्ये स्विचचा बिट १ झाला की पातळी जास्त असे गृहीत धरले होते. मॉडेलही त्याच अभियंत्याने लिहिले होते, त्यामुळे त्यातही पातळी वाढली की बिट १ होत असे. दोन्ही बाजूंना एकच गैरसमज असल्याने ते एकमेकांशी अगदी जुळले. साइटवर स्विच तारतुटीत सुरक्षित राहील अशा पद्धतीने जोडलेला होता. टाकी रिकामी असताना पंप सुरूच होईना. पंप सुरू झाला नाही, म्हणून लगेच कळले. एखाद्या अलार्मच्या बाबतीत हेच घडले असते, तर तो अलार्म गरजेच्या वेळीच गप्प बसला असता.

तेव्हापासून मी दोन गोष्टींचा आग्रह धरते. मॉडेल पीएलसीचा प्रोग्राम पाहून लिहू नये. ते पी अँड आयडी, उपकरणांच्या डेटाशीट आणि वायरिंगच्या नकाशांवरून लिहावे. आणि शक्य असेल तर ते दुसऱ्या व्यक्तीने लिहावे. छोट्या संस्थेत दुसरी व्यक्ती मिळत नाही हे मला कळते, पण निदान प्रत्येक डिजिटल इनपुटची सामान्य स्थिती तरी दुसऱ्या कोणी नकाशावरून वाचून मॉडेलमध्ये भरावी.

तरंग

मुक्ताताई, प्रोग्राममध्ये १ म्हणजे सुरक्षित असेच आहे. पण मी ते आधीच्या कामावरून घेतले होते, नकाशावरून नाही. नकाशा मागवला आहे.

वाहकपट्टा

माझा विषय टाकीचा नाही, कन्व्हेयरचा आहे, पण ओपीसी यूए जोडण्याचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आम्ही खोके मोजणाऱ्या लाइनचे त्रिमितीय मॉडेल अशाच प्रकारे जोडले होते. पट्ट्याचा वेग सेकंदाला १ मीटर, दोन खोक्यांमधील अंतर ५० मिलिमीटर, म्हणजे फोटोसेलसमोर मोकळी जागा फक्त ५० मिलिसेकंद असते. मॉडेल आणि पीएलसी यांच्यातील देवाणघेवाण दर १०० मिलिसेकंदांनी होत होती. कधी दोन खोकी मोजली जात, कधी दोघांचे मिळून एक. आम्ही बराच काळ प्रोग्राममध्येच दोष शोधत राहिलो. अखेरीस एका सहकाऱ्याने मॉडेलमधील फोटोसेलचा आलेख आणि पीएलसीमधील बिटाचा आलेख एकाखाली एक लावला, तेव्हा पीएलसीपर्यंत काही स्पंद पोहोचतच नाहीत असे दिसले. तरंग यांनाही हा त्रास होईल का?

गतिमान

मग १०० ऐवजी १० मिलिसेकंद ठेवावे, प्रश्न मिटला.

कळसूत्री

मिटला असे वाटते, पण तसे होत नाही. सेटिंगमध्ये १० लिहिले तरी सर्व्हर आणि नेटवर्क ते प्रत्येक वेळी पाळतीलच असे नाही, आणि मॉडेलचा संगणक त्रिमितीय चित्र रंगवण्यात गुंतला की अंतर आणखी अनियमित होते. सरासरी १० असली तरी अधूनमधून एक अंतर ८० चे निघते, आणि नेमके तेच खोके हुकवते. अशा जलद संकेतांसाठी कंट्रोलर आणि मॉडेल यांना एकाच घड्याळावर पावले टाकायला लावणे हा मार्ग आहे. इम्युलेटरने एक चक्र चालवायचे, थांबायचे, मॉडेलने तेवढाच काळ पुढे सरकायचे, इनपुट लिहायचे, आणि मग पुढचे चक्र. पीएलसीसिम ॲडव्हान्स्डच्या एपीआयमध्ये यासाठी `RunToNextSyncPoint()` आहे. इतर काही इम्युलेटरमध्येही अशी सोय असते. मग संगणक कितीही मंद असला तरी एकही स्पंद हरवत नाही, फक्त चाचणीला जास्त वेळ लागतो.

तरंग यांना मात्र याची गरज नाही. त्यांची पातळी १०० मिलिसेकंदांत ०.१६ मिलिमीटर हलते आणि व्हॉल्व्हला १२ सेकंद लागतात. त्यांना साधी जोडणी पुरेशी आहे. त्यांच्या लाइनवर स्पंद देणारा फ्लोमीटर असता तर गोष्ट वेगळी होती. लिटरला १० स्पंद आणि सेकंदाला ५ लिटर, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद, आणि तो मात्र हरवला असता.

तरंग

गतिमान यांनी सुचवल्याप्रमाणे मॉडेल दहापट वेगाने चालवून पाहिले. टाकी लवकर भरली हे खरे. पण व्हॉल्व्हची एक चाचणी गोंधळात टाकणारी निघाली. प्रोग्राममध्ये अशी अट आहे की आज्ञा दिल्यावर १५ सेकंदांत 'उघडला' हा फीडबॅक आला नाही तर व्हॉल्व्ह दोषी ठरवावा. ते तपासण्यासाठी मी मॉडेलमध्ये व्हॉल्व्हचा वेळ १२ ऐवजी २० सेकंद केला. दोष यायला हवा होता, पण आला नाही.

कळसूत्री

येणारही नाही. मॉडेलचे घड्याळ दहापट धावते, पीएलसीचा टायमर नेहमीच्याच गतीने चालतो. आपला २० सेकंदांचा व्हॉल्व्ह पीएलसीला २ सेकंदांत उघडलेला दिसला. वेग वाढवायचा असेल तर कंट्रोलरचे घड्याळही त्याच प्रमाणात वाढायला हवे. आभासी काळ मापून देणारे इम्युलेटर हे करू शकतात, पण खरा पीएलसी समोर ठेवून मॉडेल जोडले असेल तर ते अजिबात शक्य नाही. म्हणून ज्या चाचणीत एखादाही टायमर येतो ती खऱ्या गतीनेच करावी. नुसते भरणे-उपसणे पाहायचे असेल, तर वेळ वाचवायला प्रारंभीची पातळी मॉडेलमध्ये ७८ टक्के लिहून सुरुवात करा.

याच ठिकाणी दोन सेकंदांनी येणाऱ्या आपल्या जुन्या फीडबॅकचीही उणीव दिसते. १२ सेकंदांच्या प्रवासात दोन्ही लिमिट स्विच बराच काळ शून्य असतात. त्या अवस्थेत थांबवण्याची आज्ञा आली, वीज जाऊन परत आली, किंवा 'उघडला' हा स्विच येऊन लगेच गेला, तर प्रोग्राम काय करतो? `FbOpenLost` भरणे चालू असताना मध्येच देऊन पाहा. अनेक प्रोग्राम उघडतानाचा वेळ मोजतात, पण एकदा उघडल्यानंतर गेलेल्या फीडबॅककडे पाहत नाहीत.

गतिमान

घड्याळाचा मुद्दा मान्य. पण तपशिलाच्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे. निर्गमावर प्रवाह नियंत्रणाचा पीआयडी असेल, तर साध्या मॉडेलवर तो जुळवता येणार नाही. तिथे पंपाचा वक्र आणि पाइपची लांबी लागणारच. तपशीलवार मॉडेलवर पीआयडीची मूल्ये एकदा काढली की साइटवरचा मोठा वेळ वाचतो.

कळसूत्री

मॉडेलवर पीआयडीबाबत काही गोष्टी खात्रीने तपासता येतात. व्हॉल्व्ह उघडल्यावर प्रवाह वाढतो की कमी होतो, म्हणजे क्रियेची दिशा बरोबर आहे का. आउटपुट १०० टक्क्यांवर अडकले असताना इंटिग्रल साचत जाते का. मॅन्युअलवरून ऑटोवर जाताना व्हॉल्व्हला धक्का बसतो का. यासाठी साधे मॉडेल पुरते. पण मूल्ये म्हणाल तर व्हॉल्व्हच्या स्टेमचे घर्षण, पोझिशनरचा उशीर, मोजमापातील गोंगाट या गोष्टी डेटाशीटवरून नीट कळत नाहीत, आणि लूप डोलतो तो बहुधा त्यांच्यामुळेच. त्यामुळे मॉडेलवरून मिळालेल्या मूल्यांना मी सुरुवातीचा अंदाज मानतो, त्यापलीकडे नाही.

गतिमान

चांगला प्रारंभिक अंदाज हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. घर्षणही मॉडेलमध्ये घालता येते.

कळसूत्री

घालता येते. पण किती घालायचे हा आकडा व्हॉल्व्ह बसवल्यावरच मिळतो. यावर आपले मतभेद राहतील असे दिसते.

मुक्ता

मला स्वीकृतीबद्दल विचारायचे आहे. कारखान्यातील स्वीकृती चाचणी मॉडेलवर दाखवली, तर साइटवरच्या चाचण्या वगळाव्यात अशी मागणी आमच्याकडे आता वारंवार येते. कोणत्या वगळू द्याव्यात?

कळसूत्री

अनुक्रम, इंटरलॉक, अलार्मची प्राथमिकता आणि पडद्यावरचे मजकूर मॉडेलवर पाहिले असतील आणि प्रोग्राम तोच असेल, तर त्यांची साइटवर पुन्हा सविस्तर परीक्षा घेण्याची गरज नाही. नमुन्यादाखल काही चाचण्या पुरतात. मात्र तोच प्रोग्राम आहे याचा पुरावा चेकसमच्या स्वरूपात मागा. लूप तपासणी वगळू नये, म्हणजे ट्रान्समीटरच्या टोकाला १२ मिलिअँपिअर देऊन पडद्यावर ५० टक्के दिसतात का, हे प्रत्येक तारेसाठी पाहिले गेलेच पाहिजे. मॉडेलमधील तार चुकीच्या टर्मिनलवर कधीच जात नाही. तसेच फ्लोट स्विच हाताने उचलून पंप खरोखर थांबतो का, हे पाहावे. एखादे कार्य सुरक्षेच्या दृष्टीने आयईसी ६१५११ खाली येत असेल, तर इम्युलेटरवरची चाचणी त्याच्या प्रमाणीकरणाची जागा घेऊ शकत नाही, कारण तिथे सेन्सरपासून अंतिम व्हॉल्व्हपर्यंतचे खरे हार्डवेअर बसवलेल्या स्थितीत तपासावे लागते.

मुक्ता

चेकसमची अट चांगली आहे. पण व्यवहारात साइटवर पहिल्या आठवड्यातच प्रोग्राममध्ये बदल होतात. मग मॉडेलवरचा निकाल कुठपर्यंत ग्राह्य धरायचा?

वाहकपट्टा

आम्ही बदललेला प्रोग्राम संध्याकाळी मॉडेलवर पुन्हा चालवत असू. चाचण्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या होत्या, त्यामुळे माणूस बसवावा लागत नसे. ज्या चाचण्या हाताने बटणे दाबून केल्या होत्या त्या मात्र कोणी पुन्हा केल्या नाहीत.

तरंग

मी चारही बिघाड बिटांच्या चाचण्या स्क्रिप्टमध्ये घेतो आहे. नकाशा आला, स्विच १ म्हणजे सुरक्षित असाच आहे. `FbOpenLost` दिल्यावर, कळसूत्री सरांना वाटले होते तेच झाले : भरणे चालू राहिले आणि अलार्म आला नाही. ते दुरुस्त केले. वीज जाऊन परत येण्याची चाचणी अजून बाकी आहे, कारण इम्युलेटर बंद करून सुरू केला की मॉडेलमधील व्हॉल्व्हची स्थितीही शून्य होते. खरा मोटराइज्ड व्हॉल्व्ह वीज गेल्यावर जिथल्या तिथे राहील, म्हणून मॉडेल वेगळे चालू ठेवावे लागेल.

एक शेवटची शंका. द्रव वरून पडतो आणि फेस होतो असे प्रक्रिया पाहणाऱ्यांनी आज सांगितले. रडारवर त्याचा परिणाम मॉडेलमध्ये कसा दाखवावा?

कळसूत्री

फेसाचे भौतिकशास्त्र लिहायला जाऊ नका. फेसामुळे रडारच्या बाबतीत मुख्यतः दोन गोष्टी दिसतात : प्रतिध्वनी हरवून ट्रान्समीटर बिघाडाचा प्रवाह देतो, किंवा वाचन अचानक उडी मारते. पहिली आपण तपासली आहे. दुसरीसाठी वाचनात एका सेकंदात १५ टक्क्यांची उडी द्या. पंप चालू असताना पातळी सेकंदाला १.६ मिलिमीटरपेक्षा वेगाने वर जाऊच शकत नाही, त्यामुळे प्रोग्रामला अशी उडी ओळखता यायला हवी. ती ओळखून काय करावे, फक्त अलार्म द्यावा की भरणेही थांबवावे, हे मात्र फेस किती आणि किती वेळ राहतो यावर ठरेल, आणि ते टाकीत द्रव पडल्यावरच कळेल.

गतिमान

आणि ते कळल्यावर मॉडेलमध्ये ती सुधारणा कोण करणार? प्रकल्प सुपूर्द झाल्यावर मॉडेल बहुधा एखाद्या लॅपटॉपवर पडून राहते.

मुक्ता

आमच्या करारात मॉडेल सुपूर्द करण्याची अट आहे. ते अद्ययावत ठेवण्याची अट नाही, आणि ती कोणाच्या नावावर लिहावी यावर आमच्याकडेही एकमत झालेले नाही.